साडेसात टक्के फ्लॅट म्हणजे खरे किती?

प्रश्न: गाडीसाठी ४ वर्षांचं ६ लाखांचं कर्ज हवंय. डीलर साडेसात टक्के फ्लॅट म्हणतोय, फी ९ हजार, आणि कर्ज त्याच्यामार्फत घेतलं तर गाडीवर २० हजारांची सूट. बँक ११ टक्के रिड्यूसिंग, म्हणजे घटत्या शिलकीवर, सांगते, फी ३ हजार. साडेसात सोडून अकराने घ्यायला मी वेडा आहे का?

उत्तर: अजिबात नाही. सूट धरूनसुद्धा बँकेचं कर्ज स्वस्त पडतं. कसं, ते आकड्यांतच पाहू.

डीलरचा हिशोब कोटेशनच्या मागच्या कोऱ्या जागेत मावतो. ६ लाखांचे साडेसात टक्के म्हणजे वर्षाला ४५ हजार, चार वर्षांचे १ लाख ८० हजार. ते मुद्दलात मिळवले की ७ लाख ८० हजार. भागिले ४८, हप्ता १६,२५०. यात बेरीज-भागाकार चुकलेला नाही. गोम आहे ती व्याज कशावर धरलं यात.

त्याच्याच मांडणीने चाललो तर दर महिन्याला तुम्ही १२,५०० मुद्दल आणि ३,७५० व्याज भरता. पहिल्या महिन्यात ६ लाख वापरायला मिळाले, त्यावर ३,७५० दिले, ठीक. पण अठ्ठेचाळिसाव्या महिन्यात तुमच्याकडे फक्त १२,५०० देणं उरलेलं असतं आणि त्यावरही व्याज तेच, ३,७५०. एका महिन्याला ३० टक्के! परत केलेल्या पैशांचं भाडं शेवटपर्यंत चालू राहतं, एवढाच फ्लॅट दराचा अर्थ.

मग खरा दर किती? बरेच जण ‘फ्लॅटची दुप्पट कर’ म्हणतात. तसे १५ होतात. थोडं नीट करायचं तर सरासरी शिल्लक काढावी. मुद्दल सारख्या तुकड्यांत फिटतं असं धरलं तर चार वर्षांतली सरासरी शिल्लक ३,०६,२५० येते, आणि तिच्यावर वर्षाला ४५ हजार व्याज म्हणजे १४.७ टक्के. हाही आकडा जरा जास्तच आहे. कारण घटत्या शिलकीच्या खात्यात हप्ता सारखा असला तरी सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुद्दल हळू उतरतं आणि सरासरी शिल्लक थोडी जास्त राहते. तुमच्या पहिल्या हप्त्यात साधारण ६,७५७ व्याज आणि ९,४९३ मुद्दल असेल. नेमका दर काढायला कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पुरते:

```
=RATE(48,-16250,600000)*12
```

उत्तर ०.१३५१, म्हणजे १३.५ टक्के. हप्त्याच्या आधीचं वजाचिन्ह विसरलात तर `#NUM!` दिसेल. आणि सेल टक्क्यांत असेल तर तो १४% असं गोळाबेरीज दाखवू शकतो, तेव्हा दशांश स्थळं वाढवून घ्या. बँकेचे ११ टक्केही असेच, मासिक दर गुणिले १२ या पद्धतीने सांगितलेले असतात, त्यामुळे ही तुलना सारख्याला सारखी आहे. (मोबाइलवर घाईत असाल तर फ्लॅट दराला १.८ ने गुणा. तीन ते पाच वर्षांच्या मुदतीला, सात-आठ टक्के फ्लॅटच्या आसपास हा गुणक चालतो. दर आणि मुदत दोन्ही वाढले की तो खाली येतो, बारा टक्के फ्लॅट आणि पाच वर्षांना १.७ च्या जवळ.)

आता फी आणि सूट. लोक इथे वेगवेगळ्या बेरजा करत बसतात. मी सगळं `RATE` च्या कंसातल्या तिसऱ्या आकड्यात टाकतो, कारण तो आकडा म्हणजे ‘आज माझ्या हाती खरंच किती आले’. डीलरकडे ६ लाख मिळतात, पण ९ हजार फीत जातात. उरले ५ लाख ९१ हजार. हप्ता तोच, त्यामुळे दर चढून १४.३ टक्के होतो. उलट २० हजारांची सूट फक्त हे कर्ज घेतल्यामुळे मिळतेय, म्हणून ती या कर्जाचीच मिळकत. ती धरली की हाती आले ६ लाख ११ हजार:

```
=RATE(48,-16250,611000)*12
```

आता १२.५ टक्के येतात. बँकेकडे ११ टक्क्यांनी हप्ता १५,५०७ बसतो. ३ हजार फी वजा करून ५,९७,००० टाकले तर ११.३ टक्के. तेव्हा खरी तुलना साडेसात आणि अकराची नाहीच, साडेबारा आणि सव्वाअकराची आहे.

हप्ते शेजारी ठेवले तर गोष्ट अजून सरळ दिसते. १६,२५० आणि १५,५०७. महिन्याला ७४३ जास्त, ४८ महिन्यांत ३५ हजारांवर, शिवाय फीत ६ हजारांचा फरक. त्यासमोर २० हजारांची सूट. म्हणून मी अशील समोर बसला की दर विचारतच नाही. तेवढीच रक्कम, तेवढीच मुदत, हप्ता किती आणि आधी कापून किती घेणार, एवढं विचारतो. मुदत मात्र एकच हवी. एकीकडे ४८ आणि दुसरीकडे ६० महिने असतील तर हप्त्यांची तुलना निरुपयोगी, तिथे `RATE` च लागेल.

याचा उपयोग घासाघीस करायला होतो. बँकेशी बरोबरी व्हायला डीलरला सूट ३४-३५ हजारांपर्यंत न्यावी लागेल. किंवा हप्ता उतरवावा लागेल. ‘साडेसातचे सात करतो’ म्हटलं की लगेच हो म्हणू नका, नवा हप्ता मागा आणि वरच्या ओळीत टाकून बघा. आणि बँक गाडीच्या किमतीचा कमी हिस्सा कर्जाऊ देत असेल, किंवा तुमचा अर्ज तिथे अडकला असेल, तर साडेबारा टक्क्यांचं कर्ज काही वाईट नाही. फक्त ते साडेबाराचं आहे हे माहीत असू द्या.

एक गोष्ट सहीआधी लेखी मागा: २४ हप्त्यांनंतर कर्ज एकरकमी बंद केलं तर किती भरावे लागतील? खात्यावर १३.५ टक्क्यांनी घटती शिलक लावली असेल तर उत्तर ३ लाख ४० हजारांच्या आसपास येईल, वर बंद करण्याचा आकार असेल तर तो वेगळा. पण उत्तर ३ लाख ९० हजार आलं, तर तो उरलेल्या २४ हप्त्यांचा नुसता गुणाकार आहे. म्हणजे दोन वर्षं आधी फेडूनही व्याजाचा एक पैसा सुटणार नाही. मध्येच बोनस मिळेल आणि कर्ज लवकर मिटवू असा बेत असेल, तर सव्वा टक्क्याच्या फरकापेक्षा हे उत्तर जड ठरेल.