दोन फॉर्म १६, दोन्हीकडे कर शून्य. मग साठ हजार कुठून आले?

वाचकाचं पत्र

नमस्कार सर. मी चिपळूणला राहतो, घर वडिलोपार्जित आहे, कर्ज नाही. सप्टेंबर २०२५ पर्यंत लोटे एमआयडीसीत एक लाख दहा हजारांवर होतो, ऑक्टोबरपासून खडपोलीच्या कंपनीत सव्वा लाखावर. दोन्हीकडचे फॉर्म १६ आले. पहिल्यात देय कर शून्य, पण कापलेत २३,४००. दुसऱ्यात देय कर शून्य, कापलेलेही शून्य. म्हणजे २३,४०० रिफंड नक्की ना? गणपतीच्या आत येईल का? एप्रिलपासून मात्र नवीन कंपनीने एकदम महिना ८,१२५ कापायला सुरुवात केली आहे, चूक वाटते. आमच्या वाडीतलेच एक काका विमा एजंट आहेत. त्यांनी सांगितलं की पॉलिसी घेतली की हे थांबेल. मे महिन्यात वार्षिक १,२०,००० हप्त्याची, पंधरा वर्षांची पॉलिसी घेतली, कागद गेल्या आठवड्यात हातात आले. दरवर्षी एवढा हप्ता झेपेल का, की रक्कम कमी करून घेऊ?

उत्तर

हप्त्याकडे शेवटी येतो. त्याआधी रिफंडचं बघू, कारण तो येणार नाही. उलट तुम्हाला साधारण साठ हजार रुपये भरायचे आहेत, आणि ते भरेपर्यंत त्यावर व्याज चढतंय.

दोन्ही फॉर्म १६ टेबलावर शेजारी ठेवा. प्रत्येकाचे दोन भाग असतात. भाग अ मध्ये कंपनीने कोणत्या तिमाहीत किती कर कापला आणि सरकारकडे किती जमा केला ते असतं. भाग ब मध्ये पगार, वजावटी आणि त्यावरून काढलेला कर असतो. लोट्याच्या कागदावर नोकरीचा कालावधी बघा: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२५. खडपोलीच्या कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च २०२६. एकाही कागदावर तुमचं पूर्ण वर्ष नाही. कंपनीने हिशेब केलाय तो तिने दिलेल्या पगाराचा. कर मात्र तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नावर लागतो.

आता खडपोलीच्या भाग ब मध्ये अगदी वर, पगाराच्या तपशिलात `1(e)` अशी एक ओळ आहे. दुसऱ्या मालकाकडून मिळालेला आणि तुम्ही कळवलेला पगार, असा तिचा अर्थ. तिथे शून्य असणार, पैजेवर सांगतो. तिथे ६,६०,००० हवे होते. तुमचा सगळा घोळ या एका ओळीत आहे.

लोट्याच्या कंपनीचा हिशेब असा. सहा महिन्यांचे ६,६०,०००, त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, उरले ५,८५,०००. त्यावर कर ९,२५०, आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट म्हणून तेवढाच वजा. कर शून्य. खडपोलीवाल्यांनीही तेच केलं. ७,५०,००० मधून पुन्हा ७५,०००, उरले ६,७५,०००, कर १३,७५०, पुन्हा पूर्ण सूट. प्रमाणित वजावट दोनदा मिळाली, पहिले चार लाख दोनदा करमुक्त धरले गेले, आणि ८७ए ची सूटही दोनदा. कायद्यात यातलं प्रत्येक वर्षाला एकदाच आहे.

एकत्र मांडा. पगार १४,१०,०००. वजावट एकदाच, ७५,०००. करपात्र उत्पन्न १३,३५,०००, म्हणजे बारा लाखांच्या वर, म्हणजे ८७ए ची सूट गेली. चार ते आठ लाखांवर पाच टक्क्यांनी वीस हजार, आठ ते बारावर दहा टक्क्यांनी चाळीस हजार, आणि वरच्या १,३५,००० वर पंधरा टक्क्यांनी २०,२५०. बेरीज ८०,२५०. चार टक्के उपकर धरून ८३,४६०. त्यातून कापलेले २३,४०० वजा करा, राहतात ६०,०६०. बँकेतल्या ठेवीचं व्याज तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तेही यात मिळवा, दर दहा हजार व्याजामागे १,५६० कर वाढेल.

मग लोट्याच्या कंपनीने २३,४०० कापले तरी कशाला? एप्रिलमध्ये त्यांना वाटलं तुम्ही वर्षभर राहणार. बारा महिन्यांचे १३,२०,०००, वजावट जाऊन १२,४५,०००. बारा लाखांची रेषा जरा ओलांडली की सूट जाते, पण वरच्या रकमेपेक्षा जास्त कर घेत नाहीत. म्हणून कर ४५,००० वर थांबला, उपकर धरून ४६,८००, महिना ३,९००. तुम्ही सहा महिन्यांनी निघालात, तोवर २३,४०० कापून झाले होते. सोडताना त्यांच्या पुरता हिशेब शून्यावर आला आणि भाग ब मध्ये ती रक्कम जादा कापलेली दिसायला लागली. तुम्हाला तो रिफंड वाटला. त्या कंपनीच्या नजरेतून तो आहेही, फक्त तिला खडपोली माहीत नाही.

खडपोलीत रुजू होताना एचआरने कागदांची चळत दिली असेल, त्यात फॉर्म १२बी होता का आठवा. जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवायचा तो फॉर्म. तो भरला असता तर उरलेले साठ हजार ऑक्टोबर ते मार्च असे महिना दहा हजारांनी कापून गेले असते. तुमचा पगार पंधरा हजारांनी वाढला आणि कर कापणंही थांबलं, तेव्हा खरं तर खटकायला हवं होतं. पगार वाढून कर शून्य होत नाही.

आता ते ८,१२५. त्यात चूक नाही. सव्वा लाखाने वर्षाचे पंधरा लाख, वजावट जाऊन १४,२५,०००, कर ९३,७५०, उपकरासह ९७,५००. बाराने भागा, बरोबर ८,१२५ येतात. कंपनीला पहिल्यांदाच तुमचं पूर्ण वर्ष दिसतंय आणि ती पहिल्यांदाच बरोबर कापतेय. अकाउंट्समध्ये जाऊन भांडू नका.

कापलेला कर खरोखर सरकारकडे पोचला का, हे मात्र तपासा. तीन कागद लागतील: एप्रिल ते सप्टेंबरच्या पगाराच्या स्लिपा, लोट्याच्या फॉर्म १६ चा भाग अ, आणि आयकर पोर्टलवरून काढलेला फॉर्म २६एएस. स्लिपांवर सहा वेळा ३,९०० दिसायला हवेत, बाकी दोन्हीकडे पहिल्या दोन तिमाहींत ११,७०० आणि ११,७००. स्लिपेवर कापलेलं आहे आणि २६एएसमध्ये नाही, असं निघालं तर कंपनीने एक तर पैसे भरले नाहीत किंवा तुमचा पॅन चुकवला. त्यांना लेखी कळवून टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करून घ्या. स्लिपा जपून ठेवा. कंपनीने पगारातून कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही, पण तो कापला होता हे दाखवायला तुमच्याकडे त्याच असतील.

विवरणपत्र भरून देणारा कोणी म्हणेल, एकच फॉर्म १६ घाला, २३,४०० सोडवून देतो. असल्या माणसाच्या दारात उभे राहू नका. खडपोलीच्या कंपनीने तुमच्या पॅनवर साडेसात लाख पगार आधीच कळवलेला आहे, तो पोर्टलवर वार्षिक माहिती विवरणात दिसेल. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या निम्मा असतो, आणि मुद्दाम लपवलं असं ठरलं तर कराच्या दुप्पट.

व्याज दोन प्रकारचं लागेल. वर्षभरात आगाऊ कराचे हप्ते चुकले त्याचं सुमारे तीन हजार, ते आता बदलत नाही. दुसरं एप्रिलपासून महिना एक टक्का, म्हणजे सहाशे रुपये, भरेपर्यंत चालूच. जूनमध्ये भरलंत तर दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत सुटाल. ३१ जुलैची वाट बघून आणखी सहाशे घालवायचं काही कारण नाही.

आता काकांची पॉलिसी. तुमचा कर नव्या पद्धतीने कापला जातोय. तीत ८०सी ची वजावटच नाही, त्यामुळे हप्ता एक लाख वीस हजारांचा भरा नाही तर पाच लाखांचा, ८,१२५ मधला एक रुपया कमी होणार नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने कर वाचवण्याच्या नावाखाली काही विकू नये, आणि माहीत असून विकलं असेल तर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. जुनी पद्धत घेतली तर? पंधरा लाखांतून पन्नास हजारांची वजावट, व्यवसाय कर अडीच हजार आणि पीएफ, पॉलिसी सगळं धरून ८०सी चे पूर्ण दीड लाख काढा, तरी कर दोन लाख दहा हजारांच्या घरात जातो. भाड्याचं घर नाही, गृहकर्ज नाही, दुसरी वजावट आणायची कुठून? ९७ हजारांऐवजी दोन लाख भरायचे, आणि त्यासाठी वर एक लाख वीस हजारांचा हप्ता! गेल्या वर्षासाठी तर तिचा विचारही नको, वर्ष मार्चमध्ये संपलं आणि हप्ता मे महिन्यात भरलात.

गुंतवणूक म्हणूनही मला ती पटत नाही. कागदांतला लाभाचा तक्ता काढा. त्यात चार टक्के आणि आठ टक्के असे दोन रकाने असतील. काकांनी बोट ठेवलं असेल ते आठवर. दोन्ही आकडे गृहीत धरलेले असतात, त्यांची हमी नसते, आणि कंपनीचा खर्च जाऊन अशा पॉलिसीत हातात पाच टक्क्यांच्या आसपास पडले तरी पुष्कळ. विमा हवा असेल तर साधा टर्म विमा घ्या.

म्हणून हप्ता कमी करून घेऊ नका, पॉलिसीच परत करा. कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती कारण देऊन परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी हप्ता मिळतो. अर्ज काकांच्या हाती देऊ नका, ‘बघतो’ म्हणत तीस दिवस सहज जातात. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा, पोच घ्या, कागद कधी मिळाले त्याचा पुरावा म्हणून कुरिअरचं पाकीट जोडा.

कर भरायला त्या पैशांसाठी थांबू नका, बचतीत असतील ते वापरा, हप्ता परत आला की भरून निघेल. पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये करनिर्धारण वर्ष २०२६-२७ आणि स्व-मूल्यांकन कर निवडा. आधी विवरणपत्रात दोन्ही पगार घालून प्रमाणित वजावट एकदाच ७५,००० आहे ना ते बघा, पोर्टल व्याजासकट नेमकी रक्कम दाखवेल. तेवढी भरा, चलनाचा क्रमांक विवरणपत्रात आला की मगच ते सादर करा.