टीबीचं औषध चालू आहे, पण लघवीचा रिपोर्ट पाहिलात का?

प्रश्न: "वडील ६१ वर्षांचे. खोकला, ताप, थुंकीत रक्त. सीटीत गाठी, एकीत पोकळी. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी एकेटी चालू केलंय. दीड महिना झाला, फरक नाही. नाकातून रक्ताच्या खपल्या पडतात. आणखी काय बघावं? (कोथरूड)"

नाकातल्या खपल्यांबद्दल वाचलं आणि लिहायला बसले. आईचं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, आपल्या मनाने बंद करू नका.

उद्याच लघवीची साधी तपासणी आणि किडनीचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. लघवीत लाल पेशी आणि प्रोटीन निघालं, तर व्हॅस्क्युलायटिसची शंका डॉक्टरांना स्पष्ट बोलून दाखवा. यात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, म्हणून नाक, फुप्फुस आणि किडनी एकदमच धरली जातात. किडनी दुखत नाही, त्यामुळे कळतच नाही.

आईचा लघवीचा रिपोर्ट पहिल्या दवाखान्याच्या फायलीतच होता. लाल पेशी भरपूर, प्रोटीन दोन प्लस. 'युरिन इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिक दिलं. कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, तरी मग हे रक्त कुठून येतंय, असं कुणी विचारलं नाही. क्रिएटिनिन ०.९ वरून २.८ वर गेलं, तेव्हा कुठे नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवलं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एक पानाचा रिपोर्ट वाचायला असा किती वेळ लागतो?

पुढे व्हॅस्क्युलायटिससाठीच्या रक्ततपासणीत पीआर३ एएनसीए पॉझिटिव्ह आलं आणि किडनीच्या बायोप्सीत निदान पक्कं झालं. पण नुसत्या एएनसीएवर विसंबू नका, टीबीतही ते कधीकधी पॉझिटिव्ह येतं. ब्रॉन्कोस्कोपीचा नमुना जीनएक्सपर्ट आणि टीबी कल्चरला गेलाय का, हे विचारा. व्हॅस्क्युलायटिसमध्ये प्रतिकारशक्ती दाबावी लागते, आणि टीबी असताना ती दाबली तर टीबी भडकतो.

आईला आधी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाइनमधून तीन दिवस दिलं, मग स्टिरॉइडच्या गोळ्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं रिटुक्सिमॅब. काहींना सायक्लोफॉस्फामाइड देतात. रिटुक्सिमॅबआधी हेपटायटिस बी तपासलाच पाहिजे, कारण लपलेला विषाणू पुन्हा उठू शकतो. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळायला सोबत कोट्रायमोक्सॅझोल असतं, ते सल्फा गटातलं औषध आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एकेटीतलं रिफॅम्पिसिन स्टिरॉइडचा असर कमी करतं. दोन्ही एकत्र चालू झाली तर डोसबद्दल मुद्दाम विचारा.

मेडिक्लेम असेल तर रिटुक्सिमॅबची पूर्वमंजुरी लेखी घ्या. आम्हाला खिडकीवर तोंडी 'होईल' म्हणाले आणि नंतर नाकारलं.

थुंकीतून रक्त जास्त पडायला लागलं किंवा बोलताना धाप लागली, तर ओपीडीच्या नंबराची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या. फुप्फुसात रक्तस्राव होत असू शकतो.