वीजबिलाच्या फोटोतून स्लॅबचा तक्ता

भाऊ, फोटोतला तक्ता जसाच्या तसा शीटमध्ये उतरवू नका. ‘१०१-३००’ हा शीटसाठी आकडा नाही, नुसता मजकूर आहे. प्रत्येक स्लॅबची फक्त सुरुवात लिहा, तीही 101 नव्हे, 100. पहिला स्लॅब 100 युनिटवर संपतो, पुढचा दर तिथूनच सुरू होतो. 101 टाकलंत तर एक युनिट आधीच्या स्लॅबच्या दरानं मोजलं जातं.

A2 पासून खाली 0, 100, 300, 500. B2 पासून खाली दर. हिशेबासाठी 4, 10, 14, 16 धरू, खरे तुमच्या बिलावरून घ्या. C मध्ये त्या टप्प्यापर्यंतची रक्कम. C2 मध्ये 0, आणि C3 पासून खाली ओढायला:

```
=C2+(A3-A2)*B2
```

म्हणजे 0, 400, 2400, 5200. वापरलेली युनिटं E2 मध्ये टाका, आणि शेजारी F2 मध्ये हे:

```
=LOOKUP(E2,A2:A5,C2:C5)+(E2-LOOKUP(E2,A2:A5))*LOOKUP(E2,A2:A5,B2:B5)
```

मे महिन्यात कूलरनं 340 युनिट जाळले, तर 2400 अधिक 40 गुणिले 14, म्हणजे 2960. उत्तर 4760 आलं तर सगळ्या युनिटला वरचाच दर लागला, असं समजा.

फोटोतून मजकूर काढला असेल तर दरातला दशांश बिंदू तपासा. घडीवरचा हमखास गळतो. देवनागरी अंकही इंग्रजीत टाका, नाहीतर शीट त्यांना मजकूर मानू शकतं. तसे अंक रकान्यात डावीकडे चिकटलेले दिसतात. आणि हा फक्त ऊर्जा आकार बरं का! स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क वेगळ्या रकान्यांत.