रेडिएशनसाठी रजेचा अर्ज: शेवटच्या सिटिंगनंतरचे दोन आठवडे आधी मागा

प्रश्न: मी नागपुरात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, शनिवार-रविवार सुट्टी असते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता 12 जानेवारी 2026 पासून रेडिएशन आहे, 15 अधिक 5 सिटिंग. पूर्ण रजा नको, टप्प्याटप्प्याने तास कमी हवेत. 24 अर्जित रजा शिल्लक आहेत. अर्ज कसा लिहू?

उत्तर:

ताई, मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआरचं काम बघतो, त्यामुळे असे अर्ज माझ्या टेबलावर येतात. बहुतेक जण पहिल्या सिटिंगपासून शेवटच्या सिटिंगपर्यंतची रजा मागतात आणि दुसऱ्या दिवशी हजर होतो असं लिहून देतात. नेमकं तिथंच फसतं. रेडिएशनचा थकवा पहिल्या दिवशी येत नाही. तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणवायला लागतो आणि शेवटाकडे वाढत जातो. कातडीची आग, काळवंडणं, काखेत सोलवटणं हे तर उपचार संपल्यावर आठवडा-दहा दिवसांनी सगळ्यात जास्त असू शकतं. म्हणून सुरुवातीला कमी सवलत मागा आणि शेवटच्या सिटिंगनंतर जास्त.

आधी शेवटची तारीख नीट काढा. सिटिंग सहसा सोमवार ते शुक्रवार असतात. 12 तारखेपासून मोजलं तर 20 सिटिंग 6 फेब्रुवारीला संपतील असं वाटतं, पण 26 जानेवारीचा सोमवार सुट्टीचा. त्या दिवशी मशीन बंद असेल तर शेवटचं सिटिंग 9 फेब्रुवारीला जातं. मशीन नादुरुस्त झालं तरी तसंच, चुकलेलं सिटिंग पुढं जोडलं जातं. अर्जात हे आधीच लिहिलं नसेल तर नंतर साहेबांना वाटतं, तारखा वाढवतच चालल्या आहेत.

सकाळचा पहिला स्लॉट मिळतो का ते रेडिएशन विभागात विचारा. मशीनवर दहा-पंधरा मिनिटंच लागतात, वेळ जातो तो नंबर लागण्यात आणि येण्याजाण्यात. हॉस्पिटल जामठ्याला आणि ऑफिस सिव्हिल लाइन्सला असेल तर तो प्रवासही तासांत धरा.

मजकूर साधारण असा ठेवा:

"महोदय, माझ्यावर 12 जानेवारी 2026 पासून रेडिएशन उपचार सुरू होत आहेत. एकूण 20 सिटिंग असून ती 9 फेब्रुवारीला संपणे अपेक्षित आहे. सुट्टी किंवा मशीनच्या बिघाडामुळे तारीख पुढे गेल्यास त्याच दिवशी कळवीन. विनंती पुढीलप्रमाणे आहे. 12 ते 23 जानेवारी सकाळी 11 वाजता येण्याची परवानगी मिळावी. 27 जानेवारी ते 9 फेब्रुवारी अर्धा दिवस काम. 10 ते 20 फेब्रुवारी पूर्ण रजा. 23 फेब्रुवारी ते 6 मार्च अर्धा दिवस काम, आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतर 9 मार्चपासून पूर्णवेळ. अर्ध्या दिवसांची व पूर्ण रजा माझ्या अर्जित रजेतून वजा करावी. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे."

आता हिशेब. उपचाराच्या काळातले दहा अर्धे दिवस म्हणजे 5 रजा, मधली पूर्ण रजा 9 दिवसांची, आणि परतीचे दहा अर्धे दिवस पुन्हा 5. एकूण 19. शिवजयंती आणि धुळवडीची सुट्टी तुमच्या ऑफिसला असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे 24 मधून किमान 5 हाताशी राहतात, आणि त्या लागू शकतात, कारण काहींचा थकवा दीड-दोन महिने हटत नाही. हा हिशेब अर्जातच लिहा. खासगी कंपनीवर अर्धवेळ काम देण्याची सरसकट सक्ती नाही, त्यामुळे साहेबांच्या पुढ्यात पगार, रजा आणि काम यांचं तयार गणित गेलं तर होकार सोपा जातो.

अकाउंट्सला आहात म्हणजे पहिला प्रश्न मार्चअखेरीचा येणार. म्हणून 10 ते 20 फेब्रुवारीत जीएसटीचं आणि टीडीएसचं काम कोण बघेल, त्याचं नाव सहकाऱ्याशी बोलून अर्जाखाली टाका. मी स्वतः अर्ज पुढे पाठवताना ही ओळ आधी शोधतो.

प्रमाणपत्र रेडिएशनच्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्यात सिटिंगची संख्या, अपेक्षित शेवट, "कमी तासांच्या कामास योग्य" आणि त्यानंतरची विश्रांती, एवढं हवं. नुसतं "उपचार चालू आहेत" लिहिलेली चिठ्ठी आली की आम्ही तीन वेळा परत पाठवतो, आणि त्या दिवसांत तुम्हाला ती धावपळ नको. बायोप्सीचे रिपोर्ट जोडू नका, रजेसाठी त्यांची गरज नसते.

तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल तर मात्र हा अर्ज देण्याआधी त्यांच्या दवाखान्यात जा. कॅन्सर त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे, पुरेसं योगदान भरलेलं असेल तर आजारपणाच्या रजेच्या पहिल्या 91 दिवसांत पगाराच्या 70 टक्के आणि त्यापुढे दीर्घ आजार म्हणून 80 टक्के रक्कम मिळते.

अर्ज ईमेलने पाठवा आणि 27 जानेवारीच्या आत होकार लेखी घ्या.