उलटतपासात गोंधळायला होऊ नये म्हणून

प्रश्न: तावडे हॉटेलजवळच्या अपघाताचा साक्षीदार आहे, कसबा बावड्याच्या कोर्टात उलटतपास आहे, वकील अडकवतील का?

भावा, सरतपासात, म्हणजे तुला साक्षीला बोलावणाऱ्या बाजूचा वकील विचारतो तेव्हा, तू सांगतोस, उलटतपासात समोरचा वकील वाक्यं बनवतो, "ट्रक हळू होता, बरोबर?", आणि तू फक्त खरं का खोटं सांगायचं. खरी गडबड पोलिस जबाबावरून होते, म्हणजे समज तू कोर्टात म्हणालास ट्रकनं सिग्नल तोडला आणि जबाबात ते नाहीच, तर वकील तेच धरून विचारणार. तेव्हा पोलिसांना खरंच सांगितलं असशील तर म्हण, "सांगितलं होतं, का लिहिलं नाही ते माहीत नाही", आणि नसेल सांगितलं तर सरळ "नव्हतं सांगितलं" म्हण, सारवासारव केलीस की पुढचे दहा प्रश्न त्यावरच येतात. प्रश्न कळला नाही तर जजसाहेबांना सांग, परत विचारतील.