‘पिंग मी’, ‘सर्कल बॅक’ मराठीत कसे लिहावे?

प्रश्न: आमच्या कारखान्यातील सहकाऱ्यांसाठी ‘पिंग मी’, ‘सर्कल बॅक’ आणि ‘आउट ऑफ ऑफिस’ यांचे मराठी काय करावे?

‘पिंग मी’ सोपे आहे: ‘मला मेसेज टाका’. येथे ‘कळवा’ नको, कारण ‘कळवा’ म्हटले की समोरच्याला काही माहिती द्यावयाची आहे असे वाटते, तर पिंगमध्ये नुसती हाक पुरते. (१९८३ मधील ज्या संगणकीय आज्ञेवरून हा शब्द रूढ झाला, तीही दुसरे यंत्र ‘ओ’ देते का, एवढेच पाहते.)

खरी अडचण ‘सर्कल बॅक’ची आहे. त्याचे ‘यावर नंतर बोलू’ असे भाषांतर मी एकदा पाठवले, आणि ते वाचून स्टोअरमधील सहकाऱ्यांनी विषय संपला असे समजून फाइल बाजूला ठेवली. मराठीत ‘नंतर बोलू’ आणि ‘बघू’ हे बहुधा सौम्य नकारच असतात. इंग्रजी वाक्यात कोण आणि केव्हा हे मोघम राहिले तरी चालते, मराठीत मात्र ते भरावे लागते: ‘पुरवठादाराचा दर आला की गुरुवारी दुपारपर्यंत मीच तुम्हाला फोन करतो.’ दिवस ठाऊक नसेल, तर तो मूळ लेखकाला विचारून घ्यावा, आपल्या मनाने घालू नये.

‘आउट ऑफ ऑफिस’ला ‘कार्यालयाबाहेर आहे’ म्हटले, तर माणूस तासाभरात परतेल असे वाटते. ‘मी १२ ते १६ तारखेपर्यंत रजेवर आहे, तातडीचे काम असल्यास’ असे लिहून पुढे बदली व्यक्तीचे नाव व क्रमांक द्यावा. रजा नसून दौरा असेल, तर ‘दौऱ्यावर’ लिहावे.