मज्जारज्जूच्या छेदात कोणता ट्रॅक्ट कुठे क्रॉस होतो?

प्रश्न: फर्स्ट एमबीबीएसला आहे. छेदाची आकृती पाठ होते, पण कोणता ट्रॅक्ट कुठे बाजू बदलतो यात दरवेळी गोंधळ होतो. कसं लक्षात ठेवू?

उत्तर:

सुरुवातीला तीनच ट्रॅक्ट घ्या. बाकीचे नंतर जोडता येतात.

मागच्या बाजूला दोन डॉर्सल हॉर्नच्या मध्ये डॉर्सल कॉलम. कंपन, सांध्याची स्थिती आणि सूक्ष्म स्पर्श यातून वर जातात. पायांचे तंतू मधल्या रेषेजवळ, हातांचे बाहेर. हे तंतू मज्जारज्जूत बाजू बदलतच नाहीत. खालच्या मेड्युलातल्या ग्रॅसाइल आणि क्युनिएट न्यूक्लियसमध्ये सायनॅप्स होतो आणि तिथून निघणारे तंतू पलीकडे जातात.

कडेच्या पांढऱ्या भागात, जरा मागे, लॅटरल कॉर्टिकोस्पायनल. हा मेंदूकडून खाली येतो. मेड्युलाच्या तळाशी पिरॅमिडमध्ये साधारण ८५ ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात, म्हणजे छेदात दिसतो तेव्हा तो आधीच ओलांडून आलेला असतो.

तिसरा, पुढच्या-कडेच्या भागातला स्पायनोथॅलॅमिक. वेदना आणि तापमान याचं काम. खरा घोळ इथेच होतो, कारण हा मेड्युलाची वाट बघत नाही. तंतू आत शिरून एक-दोन सेगमेंट वर सरकतात, डॉर्सल हॉर्नमध्ये सायनॅप्स होतो आणि पुढचा न्यूरॉन सेंट्रल कॅनॉलच्या पुढच्या व्हाइट कमिशरमधून लगेच पलीकडे जातो. आकृतीत बाण काढताना हा कमिशर हमखास राहून जातो.

आता पडताळून बघा. टी-१० ला उजवा अर्धा मज्जारज्जू सुरीने कापला गेला. उजवा पाय लुळा. सुरुवातीला सैल, काही आठवड्यांनी ताठर, आणि बॅबिन्स्की पॉझिटिव्ह. उजव्या घोट्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठेवला तर कंपन कळत नाही, डोळे मिटून अंगठा वर आहे की खाली हेही सांगता येत नाही. हे दोन्ही ट्रॅक्ट इथे आपापल्याच बाजूला चालतात, म्हणून दोष उजवीकडे. टाचणी मात्र डाव्या पायाला टोचत नाही, कारण डावीकडची वेदना ओलांडून उजवीकडून वर जात होती. याला ब्राउन-सेक्वार्ड सिंड्रोम म्हणतात.

टाचणीची हद्द शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. टी-१० म्हणजे बेंबीची पातळी, पण डावीकडची बधिरता सहसा त्याच्या एक-दोन सेगमेंट खालून सुरू होते, कारण टी-११चे काही तंतू वर सरकून जखमेच्या वर ओलांडून गेलेले असतात. त्यामुळे नुसत्या टाचणीवरून पातळी ठरवली तर जखम आहे त्यापेक्षा खाली धरली जाते.

सिरिंगोमायलियाचं कोडंही याच कमिशरने सुटतं. मधली पोकळी फुगून पहिल्यांदा तोच दाबला जातो, आणि पोकळी मानेत असेल तर दोन्ही हातांची वेदना-तापमानाची जाणीव जाते. डॉर्सल कॉलम मागे सुरक्षित असतो, म्हणून चटका कळत नाही पण कापसाचा स्पर्श कळतो.